घराण्याला पत्र पाठवताना: पाचशेची मर्यादा आणि Bcc ची ओळ

वाचकाचे पत्र

आमच्या सासरच्या घराण्याचे संमेलन दिवाळीनंतर तुळजापूरला होणार आहे. परभणी, नांदेड, लातूर, हैदराबाद, पुणे आणि परदेश मिळून आमची सुमारे २७० घरे आहेत आणि माझ्या वहीत ६१२ ई-मेल पत्ते आहेत. मी माझ्या जीमेलवरून ३०० पत्ते To मध्ये घालून निमंत्रण पाठवले. त्याच संध्याकाळी उरलेल्या ३१२ जणांना पाठवू लागले, तर पत्र परत आले आणि खाते अडले. इकडे एका चुलत दिरांनी Reply all करून शेताच्या बांधाचा जुना वाद तीनशे जणांपुढे मांडला, आणि एका भाच्याने सगळ्यांना विमा पॉलिसीची पत्रे धाडली. पुतण्या म्हणतो, दुसरे खाते उघडा आणि सगळे पत्ते Bcc मध्ये टाका. मोठ्या जाऊबाई म्हणतात, भावकीत नावे झाकून पत्र पाठवणे बरे दिसत नाही. माझे खाते बंद पडेल का, आणि मी कोणाचे ऐकू?

— एक निवृत्त शिक्षिका, परभणी जिल्हा

उत्तर

ताई,

आधी खात्याची काळजी मिटवू. आपले खाते बंद पडलेले नाही आणि कोणी त्यात शिरलेलेही नाही. जीमेलच्या वैयक्तिक खात्यावरून एका पत्रावर ५०० पर्यंत पत्ते घालता येतात आणि एका दिवसात ५०० पर्यंत पत्रे पाठवता येतात. ही मर्यादा ओलांडली की "You have reached a limit for sending mail" असा निरोप येतो, आणि त्यानंतर १ ते २४ तासांत पाठवण्याची सोय पुन्हा सुरू होते. त्या काळात आलेली पत्रे वाचता येतात, जुनी शोधता येतात, फक्त बाहेर काही जात नाही. अशा वेळी बहुतेक जण घाबरून पुन्हा पुन्हा Send दाबत राहतात. त्याने काही साधत नाही. संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसावे.

मोजणी कशी होते हे समजले की आपल्या बाबतीत नेमके काय घडले ते उलगडते. आपण पत्र एकच लिहिले होते, पण सेवा मोजते ते पत्ते. तीनशे जणांना गेलेले एक पत्र म्हणजे तीनशे पत्रे. ते पत्ते To मध्ये आहेत, Cc मध्ये आहेत की Bcc मध्ये, याने मोजणीत फरक पडत नाही, म्हणून पुतण्याच्या सांगण्याप्रमाणे सगळे पत्ते Bcc मध्ये टाकले असते तरी त्या संध्याकाळी पत्र अडलेच असते. ३०० आणि ३१२ मिळून ६१२ होतात, इतकाच हा हिशेब आहे.

त्यात आणखी एक बारकावा आहे. 'दिवस' म्हणजे मध्यरात्री पालटणारी तारीख नव्हे, तर सरकते २४ तास. सोमवारी संध्याकाळी ७ वाजता ३०० पत्ते वापरले, तर ते मंगळवारी संध्याकाळी ७ पर्यंत आपल्या खाती मांडलेले राहतात. मंगळवारी सकाळी १० वाजता, तारीख बदलली म्हणून ३१२ जणांना पाठवायला गेलो तर पुन्हा तोच निरोप येईल. मंगळवारी रात्री ८ ला पाठवले तर जाईल. आणि ज्या चुलत दिरांनी Reply all केले, त्यांच्याही खात्यातून त्या एका उत्तरापोटी सुमारे तीनशे पत्ते खर्च झाले. ते जीमेल वापरत असतील आणि त्याच रात्री त्यांनी दुसरे तसेच उत्तर लिहिले असते, तर त्यांचेही खाते अडले असते. आता वाटते, अडले असते तर बरे झाले असते.

ही मर्यादा आपल्यासारख्यांना त्रास देण्यासाठी ठेवलेली नाही. एखादे खाते चोरीला गेले तर चोर पहिले काम करतो ते त्यातून हजारो फसवी पत्रे पाठवण्याचे, आणि पाचशेचा अडसर त्याच्यासाठी असतो. अचानक शेकडो अनोळखी पत्त्यांवर एकसारखा मजकूर जाऊ लागला, त्यातले बरेच पत्ते मृत निघाले, की ते वागणे चोरासारखेच दिसते. म्हणूनच दुसरे खाते उघडण्याचा सल्ला मला पटत नाही. नव्या कोऱ्या खात्याला ओळखही नसते आणि पतही नसते. पहिल्याच दिवशी त्यावरून तीनशे पत्रे गेली तर ती खुशाल Spam मध्ये जाऊन पडतील, आणि हैदराबादच्या एखाद्या काकांना ती दिसलीच, तरी अनोळखी पत्त्यावरून आलेले संमेलनाचे निमंत्रण आणि खाली वर्गणीचा बँक खाते क्रमांक पाहून ते त्याला हातही लावणार नाहीत. त्यांचे चुकले असेही म्हणता येणार नाही.

आता मला आपल्यालाच एक प्रश्न विचारावासा वाटतो. ६१२ पत्त्यांवर पत्र जायलाच हवे, हे कोणी ठरवले? आपल्याकडे आमंत्रण माणशी जात नाही, घरटी जाते. लग्नाची पत्रिका घेऊन आपण लातूरला गेलो तर एका घरात चार पत्रिका ठेवून येत नाही. आपण स्वतःच लिहिता की घरे २७० आहेत. मग वहीतल्या ६१२ ओळींमध्ये एकाच माणसाचे जुने आणि नवे असे दोन पत्ते असणार, नवरा-बायको दोघांचे वेगळे असणार, नोकरी सोडल्यावर बंद पडलेले कचेरीचे पत्ते असणार, आणि काही पत्ते आता हयात नसलेल्या मंडळींचेही असणार. शेवटच्या प्रकारातले पत्ते तर नक्की काढावेत, कारण तो पत्ता मुलाने चालू ठेवलेला असेल तर वडिलांच्या नावाने आलेले निमंत्रण वाचताना त्याला काय वाटेल, हे मी आपल्याला सांगायला नको. घरटी एक पत्ता निवडला की काम २७० वर येते आणि मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

तरीही २७० एका दमात पाठवू नयेत. पहिल्या संध्याकाळी आपल्या सर्वांत जवळच्या शाखेतली ४० घरे घ्या. पत्र गेल्यावर काही तासांत जे पत्ते चुकीचे आहेत त्यांची परतपावती येईल. पाठवणाऱ्याचे नाव Mail Delivery Subsystem असेल आणि आत "Address not found" असे लिहिलेले असेल. ते पत्ते वहीतून खोडा, आणि हीच मंडळी फोनवर भेटतील म्हणून पाच-सहा जणांना विचारा की पत्र Inbox मध्ये आले की Spam मध्ये, जोडलेले पान उघडते का, तारीख बरोबर दिसते का. मजकुरातली चूक चाळीस घरांत सुधारता येते, २७० घरांत सुधारायची म्हणजे पुन्हा २७० पत्ते खर्च करायचे. उरलेली २३० घरे पुढच्या दोन संध्याकाळी ११५-११५ करून पाठवा. यामुळे रोज शेकड्याने जागा शिल्लक राहील, आणि ती लागतेच. 'किती जण येऊ', 'मुक्कामाची सोय काय' अशी उत्तरे येतील आणि प्रत्येकाला लिहिलेले एकेक उत्तरही त्याच पाचशेत मोजले जाईल.

पुढच्या वर्षी याहून चांगली वाट घेता येईल. घराण्याच्या चार शाखा असतील तर चौघांनी आपापल्या शाखेला आपापल्या खात्यावरून पत्र लिहावे. मर्यादा चुकवण्यासाठी एकाच माणसाने चार खाती उघडणे आणि चार माणसांनी आपल्या ओळखीच्या साठ-सत्तर घरांना लिहिणे, या दोन गोष्टी वरून सारख्या दिसल्या तरी सारख्या नाहीत. पत्र उघडणाऱ्याला पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे वाटते, हा त्यातला खरा फरक आहे.

आता Bcc कडे, म्हणजे जाऊबाईंच्या आक्षेपाकडे येऊ. त्यांचा मुद्दा जुनाट म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही, पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. निमंत्रण कोणाकोणाला गेले हे भावकीला कळावे, कोणी वगळले गेल्याची शंका राहू नये, ही एक गोष्ट. प्रत्येकाचा ई-मेल पत्ता प्रत्येकाच्या हाती जावा, ही दुसरी. पहिली मानाची आहे आणि ती जपली पाहिजे. दुसरी कोणी मागितलेलीही नव्हती, आणि तिचा फायदा फक्त विमा विकणाऱ्या भाच्याला झाला. आपण वहीतले पत्ते संमेलनासाठी गोळा केले होते, त्या लोकांनी ते आपल्याला दिले होते, भाच्याला नव्हे. तेव्हा नावे उघडी ठेवा आणि पत्ते झाका. निमंत्रणाच्या मजकुरातच गाववार घरांची यादी द्या: परभणी, मग नांदेड, मग लातूर, आणि प्रत्येक गावाखाली कुटुंबप्रमुखांची नावे अकारविल्हे. अकारविल्हे एवढ्यासाठी, की वयाने किंवा मानाने क्रम लावायला गेलात तर बांधाच्या वादाला नवा जोडीदार मिळेल.

Bcc मध्ये लपवाछपवी आहे का, याचे उत्तर त्या ओळीच्या घडणीत आहे. ज्यांनी कचेरीत टंकलेखन यंत्रावर कार्बन कागद घालून प्रती काढताना पाहिले आहे, त्यांना Cc म्हणजे कार्बन प्रत हे सांगावे लागणार नाही. Bcc ही तशीच प्रत, फक्त ती कोणाला गेली याची नोंद इतर प्रतींवर नसते. ई-मेलमध्ये हे असे घडते: पत्र निघताना आपल्या बाजूची यंत्रणा पोच करायच्या पत्त्यांची यादी पाकिटावर लिहावी तशी वेगळी देते, आणि पत्राच्या डोक्यावरची To आणि Cc ही ओळ वेगळी असते. Bcc मधले पत्ते पाकिटावर जातात, पत्राच्या डोक्यावरून काढून टाकले जातात. म्हणून मिळणाऱ्याच्या पत्रात ती यादी कुठे दडून बसलेली नसते, ती तिथपर्यंत पोहोचतच नाही. मिळणाऱ्याने जीमेलमध्ये नावाखालचा तपशील उघडला तर त्याला "bcc: me" असे दिसते. म्हणजे आपल्याला प्रत या ओळीतून आली हे त्याच्यापासूनही लपलेले नसते. संपूर्ण यादी दिसते ती फक्त आपल्याला, Sent मधल्या आपल्या प्रतीत.

त्यावरही आपण पत्राच्या सुरुवातीलाच सरळ लिहून टाका:

"हे पत्र आपल्या घराण्यातील सुमारे २७० घरांना पाठवत आहे. एकाचा ई-मेल पत्ता दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून सर्व पत्ते Bcc मध्ये ठेवले आहेत. निमंत्रित घरांची नावे खाली दिली आहेत. आपले उत्तर फक्त माझ्याकडे येईल."

ही चार वाक्ये जाऊबाईंना वाचून दाखवा. माझा अंदाज आहे, त्यांची हरकत राहणार नाही.

प्रत्यक्ष पाठवताना क्रम महत्त्वाचा आहे. नवीन पत्र उघडा, आधी विषय लिहा, मजकूर लिहा, जोडपत्र जोडा, आणि पत्ते सर्वांत शेवटी भरा, म्हणजे अर्धवट पत्र चुकून निघून जाणार नाही. To मध्ये स्वतःचा पत्ता घाला. ती ओळ रिकामी ठेवली तरी पत्र जाते, पण काही ठिकाणी मिळणाऱ्याला तिथे "undisclosed-recipients" असे दिसते आणि वयस्कर माणूस बिचकतो. मग Bcc वर दाबून ती ओळ उघडा. संगणकावर ती To च्या ओळीच्या उजव्या टोकाला असते, फोनवर To शेजारच्या खाली वळलेल्या बाणामागे. पत्ते चिकटवले की लगेच Send दाबू नका. एकदा डोळ्यांनी पाहा की लांबलचक यादी खरोखर Bcc समोर आहे, Cc समोर नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक असतात आणि सगळे अपघात याच वीतभर जागेत होतात. जीमेलच्या Settings मध्ये Undo Send ची मुदत मुळात ५ सेकंदांची असते, ती ३० सेकंद करून ठेवा. तीस सेकंदांनंतर पत्र परत बोलावण्याचा कोणताही उपाय नाही.

दरवेळी वहीतून पत्ते उतरवण्यापेक्षा गूगलच्या Contacts मध्ये प्रत्येक शाखेचे एक लेबल करून त्यात ती घरे घाला. मग Bcc च्या ओळीत लेबलचे नाव लिहिले की सगळे पत्ते येतात. मात्र तेच नाव चुकून To मध्ये लिहिले तर सगळे पत्ते तितक्याच तत्परतेने तिथेही येतात, हे ध्यानात असू द्या.

दोन ठिकाणी झाकलेले पत्ते मागच्या दाराने बाहेर पडतात. पहिले म्हणजे आपले ते जुने पत्र. आठवण पाठवताना Sent मधून तेच पत्र काढून Forward करण्याचा मोह होईल. तसे केले की नव्या पत्राच्या मजकुरात "Forwarded message" या ओळीखाली जुन्या पत्राची To ची ओळ जशीच्या तशी उतरते, म्हणजे वर Bcc आणि खाली तीनशे पत्ते उघडे. Reply all तर करूच नका, त्याने ती सगळी मंडळी पुन्हा To मध्ये येतात. त्या तीनशे जणांना दिलगिरीचे दोन शब्द लिहायचे असतील तर तेही कोऱ्या पत्रावर, Bcc मधून लिहा, आणि त्यात आधीचे पत्र पुसून टाकण्याची विनंती करा. काही जण पुसतील, काही पुसणार नाहीत, भाचा तर नाहीच नाही. त्याला मात्र एकदा फोन करून सांगणे हा आपला हक्क आहे.

दुसरे दार म्हणजे जोडपत्र. घराण्याच्या संमेलनात वंशावळ वाटण्याची पद्धत आहे, आणि अशा वंशावळीत बहुधा प्रत्येकाची जन्मतारीख, मोबाइल क्रमांक आणि पत्ता असतो. पत्ते Bcc मध्ये कटाक्षाने झाकायचे आणि जोडपत्रातून जन्मतारखेसकट सगळे वाटायचे, हे अनेकदा घडते. आपण जोडणार असाल ती प्रत नावे, नाती आणि गावे एवढ्यावरच ठेवा. ती २५ एमबीपेक्षा मोठी झाली तर जीमेल ती जोडण्याऐवजी ड्राइव्हचा दुवा घालते, आणि दुवा हाती असलेल्या कोणालाही तो उघडता येईल अशी सोय आपण दिलीत तर तो पुढे कुठेही जाऊ शकतो. मूळ सविस्तर वंशावळ छापील स्वरूपात तुळजापूरला टेबलावर ठेवलेली बरी.

सगळ्याच पत्रांना Bcc लागत नाही. संमेलनाच्या कामाचे सहा-सात जण असतील तर त्यांची नावे To मध्ये उघडी ठेवा, कारण त्यांना एकमेकांना उत्तर द्यायचे आहे आणि मंडप, जेवण, भक्तनिवासाच्या खोल्या हे सगळ्यांसमोर ठरले पाहिजे. निमंत्रणासारखे एकाकडून अनेकांकडे जाणारे पत्र Bcc मधून, आणि चार जणांत चर्चेचे पत्र उघडे.

आणि राहता राहिले ते चुलत दीर. त्यांना वेगळे पत्र लिहाल तेव्हा To मध्ये फक्त त्यांचा पत्ता असू द्या. मी काय लिहिले हे जाऊबाईंनाही कळावे म्हणून त्यांना Bcc मध्ये घालावेसे वाटेल, पण ते टाळा. Bcc मधल्या माणसाने Reply all दाबले तर त्याचे उत्तर आपल्याबरोबर To मधल्या माणसालाही जाते. 'बरे झाले सुनावलेस' असे जाऊबाईंनी भाबडेपणाने लिहिले, तर ते दिरांच्या Inbox मध्ये जाऊन पडेल आणि जाऊबाईंना गुपचूप प्रत गेली होती हे त्यांना त्याच क्षणी कळेल. दाखवायचेच असेल तर आधी पत्र जाऊ द्या, मग Sent मधून ते जाऊबाईंना वेगळे Forward करा. त्यांचे उत्तर मग फक्त आपल्याकडे येईल.